टॅक्सी काढण्याआधी एवढं ऐक

वडिलांचे दिवस कालच झाले आणि उद्यापासून टॅक्सी काढतोस म्हणालास, म्हणून सांगतो. माझी आई गेली तेव्हा मी पाचव्याच दिवशी गाडी काढली. सायनहून एलबीएस मार्गाने घाटकोपरला पोचलो आणि मधला एकही सिग्नल आठवेना. रागात माणूस गाडी दामटतो, ते शेजारी बसलेल्यालाही दिसतं. दुःखात वेग नेहमीचाच राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. डोळे रस्त्यावर असतात, पण पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट पेटलेले मनाला उशिरा कळतात. ताशी 50 किलोमीटरला दोन सेकंदांत गाडी जवळपास 28 मीटर पुढे गेलेली असते.

पहिला आठवडा दिवसाउजेडी, जवळचीच भाडी घे. रात्री झोप लागली नसेल तर गाडी काढूच नकोस. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेव. सी लिंकचं भाडं सोड; भरून आलं तर तिथे मधे थांबता येत नाही. मागचा सिग्नल हिरवा होता की लाल, हे आठवलं नाही, की डावीकडे घेऊन इंजिन बंद कर आणि चहा घे. त्यानंतरही तसंच झालं तर सरळ घरी ये. हप्त्याचं आपण दोघं बघू.