‘हे अजून कसे आले नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर देताना

इंदूरच्या आपल्या वृद्धाश्रमात दिवेलागणीला एखाद्या आजी ‘हे मिलमधून अजून कसे आले नाहीत’ असे विचारू लागल्या, तर ‘आजोबा कधीच गेले’ असे तुम्ही लगेच सांगू नका. स्मृतिभ्रंशात ती बातमी लक्षात राहत नाही, पण तिचे दुःख प्रत्येक वेळी नव्याने होते. तरीही ‘येतीलच आता’ हे उत्तर मी अगदी शेवटी राखून ठेवते, कारण ते ऐकून त्या दाराशीच ताटकळत बसतात आणि त्यांची अस्वस्थता वाढते.

आधी तहान, लघवी, बद्धकोष्ठता किंवा काही दुखणे आहे का, ते पाहावे. गोंधळ एकाएकी वाढला असेल तर संसर्गाची शंका घेऊन डॉक्टरांना कळवावे. मग ‘आजोबांची आठवण येतेय का? चहाबरोबर त्यांना शेव लागायची का?’ असे विचारावे. यात खोटे काहीच नाही, आणि बहुधा त्यांना हवा असलेला आधार याच बोलण्यात मिळतो.

तेवढ्याने भागले नाही आणि त्या घाबऱ्या झाल्या, तरच घरच्यांशी आधी ठरवलेले एखादे छोटे वाक्य वापरावे आणि नोंदवहीत लिहावे, म्हणजे रात्रपाळीची ताई वेगळेच सांगणार नाही. मात्र आजींनी ‘खरं सांग, ते गेले ना?’ असे थेट विचारले, तर ‘हो’ म्हणावे आणि जवळ बसून राहावे. तिथे खोटे बोलणे हा त्यांच्या शाबूत समजुतीचा अपमान आहे. आंघोळीला नेण्यासाठी ‘मुलगा आलाय’ म्हणणे तर मला मुळीच मान्य नाही, कारण ती केवळ आपली सोय असते.