दोऱ्याच्या टेलिफोनमधून कंपनांची ओळख

प्रश्न: तिसरीच्या मुलांना दोऱ्याच्या टेलिफोनवरून कंपने कशी दाखवावीत आणि कोणते प्रश्न विचारावेत?

दोन कागदी पेल्यांच्या तळांना बारीक छिद्रे पाडून पाच-सहा मीटर सुती दोरा ओवावा आणि आतून काडीच्या तुकड्याला बांधावा, म्हणजे ताणल्यावर तो निसटत नाही. एक मूल पेल्यात लांब ‘ऊऽऽ’ म्हणत असताना आणि दुसरे मूल दुसरा पेला कानाला लावून ऐकत असताना तिसऱ्याने ताठ दोऱ्याला बोट अलगद टेकवावे. (कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे बोटाला फारसे काही जाणवत नाही.) ‘बोटाला काय जाणवले?’ हा पहिला प्रश्न. नंतर दोरा मध्येच चिमटीत घट्ट धरून ‘आवाजाचे काय झाले?’ असे विचारावे. कंपने तिथेच अडल्याने आवाज जवळपास बंद होतो. दोरा सैल सोडल्यावरही तसेच घडते. मात्र मुले ओरडली, तर आवाज हवेतूनच पोहोचतो आणि फरक कळत नाही.