झूमवरची सोसायटीची वार्षिक सभा मध्येच बंद पडली, राहिलेले विषय पुढच्या तारखेला घेताना सभासदांना काय कळवावं?

प्रश्न: आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झूमवर चालू होती. चौथ्या विषयावर मतदान चाललेलं असताना इमारतीची वीज गेली आणि सभा बंद पडली. बाकीचे विषय पुढच्या रविवारी घ्यायचे आहेत. सेक्रेटरी म्हणून मेसेज कसा लिहू?

उत्तर: एक नाही, दोन मेसेज पाठवा. पहिला लगेच, चार-पाच ओळींचा. दुसरा रात्रीपर्यंत, सविस्तर. दोन्हींची कामं वेगळी आहेत आणि ती एकत्र केली की घोळ होतो. मी बरीच वर्षं सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळलंय, त्यामुळे हे पुढे कुठे अडतं ते ठाऊक आहे.

सभा बंद पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत लोक काय करतात? निम्मे जुन्या लिंकवर पुन्हा पुन्हा येऊन बसतात, काही जण परस्पर फोन करतात आणि एखादा ग्रुपवर लिहून टाकतो, "रंगकाम पास झालं ना?" तिथून पुढे आवरणं कठीण. म्हणून पहिल्या मेसेजमध्ये पुढची तारीख नसली तरी चालेल, पण कुठवर निर्णय झाले आणि कुठे थांबलं हे असायलाच हवं:

> नमस्कार. आज, रविवार 14 सप्टेंबर, सकाळी 11:40 च्या सुमारास वीज गेल्यामुळे आपली झूम सभा बंद पडली. विषय क्र. 1 ते 3 पूर्ण झाले आहेत. विषय क्र. 4 वरचं मतदान अपूर्ण राहिलं, त्यामुळे त्यावर कोणताही निर्णय झालेला नाही. आज सभा पुन्हा सुरू होणार नाही, कृपया जुन्या लिंकवर थांबू नका. उर्वरित विषयांसाठी तारीख आणि वेळ आज रात्री 9 पर्यंत कळवतो. – सचिव

वीज का गेली, इन्व्हर्टर का चालला नाही, कुणाचा लॅपटॉप होता, हे इथे नको. खुलासा दिला की चर्चा त्याच्यावरच सुरू होते.

दुसरा मेसेज लिहिण्याआधी समितीला एक ठरवावं लागेल: ही तहकूब सभा आहे की नवी सभा? राहिलेले विषय आधीच्याच सभेचा भाग म्हणून घ्यायचे असतील तर ती तहकूब सभा. आदर्श उपविधींनुसार, विषयपत्रिकेवरचं काम पूर्ण न झाल्यास उपस्थित सभासद ठरवतील त्या तारखेला, पण मूळ सभेपासून 30 दिवसांच्या आत, ती पुढे घेता येते. तुमची अडचण अशी की सभा अचानक बंद पडली, त्यामुळे तारीख उपस्थितांनी ठरवलेलीच नाही. समितीने तारीख सुचवावी, मेसेजमध्ये तसं स्पष्ट लिहावं आणि पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी उपस्थितांकडून त्याला मान्यता घेऊन इतिवृत्तात नोंदवावी. सोसायटीत तक्रारखोर सभासद असतील किंवा विषय पैशाचा आणि वादाचा असेल, तर मी सरळ 14 पूर्ण दिवसांची नवी नोटीस काढेन. मात्र वार्षिक सभेची मुदत 30 सप्टेंबरला संपते. त्यामुळे नोटीस काढायला उशीर केला तर हा रस्ता बंद होतो. तुमची सभा महिन्याच्या शेवटाला असेल तर उपनिबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या.

तहकूब सभेत नवा विषय घुसवता येत नाही, तो मोह टाळा. "चला, आता पार्किंगचंही बघू" असं कुणी म्हणालं तरी नाही. आणि कोरमचं एक पक्कं लक्षात ठेवा. कोरम नसल्यामुळे तहकूब झालेल्या सभेला दुसऱ्यांदा कोरम लागत नाही, ही सवलत त्या कारणासाठीच आहे. तुमची सभा कोरम असताना बंद पडली, म्हणून पुढच्या वेळीही माणसं मोजून कोरम भरल्याची नोंद करा.

अर्धवट मतदानाचं काय? माझं मत सरळ आहे: ते बाद धरा आणि पुन्हा घ्या. 30 जणांनी मत दिलं, 20 जणांचं राहिलं, पुढच्या रविवारी वेगळीच माणसं आली, तर जुनी-नवी बेरीज कुणालाच पटणार नाही. हे आताच मेसेजमध्ये लिहिलं तर सभेत वाद होत नाही. चर्चा मात्र पुन्हा शून्यापासून नको. कोटेशन्स ग्रुपवर आधी पाठवा.

मग हा दुसरा मेसेज:

> रविवार 14 सप्टेंबर 2025 रोजी तांत्रिक कारणाने तहकूब झालेली वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार 21 सप्टेंबर 2025 रोजी सायंकाळी 7:30 वाजता (भारतीय वेळ) झूमवर पुढे सुरू होईल. त्यात मूळ नोटीशीतील विषय क्र. 4 ते 7 एवढेच घेतले जातील. विषय क्र. 4 वर मतदान नव्याने होईल. विषय 1 ते 3 वर झालेले निर्णय कायम आहेत, ते पुन्हा चर्चेला येणार नाहीत. तारीख समितीने सुचवली असून सभेच्या सुरुवातीला तिला उपस्थितांची मान्यता घेतली जाईल. लिंक नवी आहे, खाली दिली आहे. अडचण असल्यास शुक्रवारपर्यंत सचिवांना कळवावे.

"उद्या", "पुढच्या रविवारी" असे शब्द टाळून तारीख लिहिली आहे, कारण असे मेसेज लोक दोन-दोन दिवसांनी उघडतात. संध्याकाळची वेळही मुद्दाम घेतली आहे. सभासद परदेशी असतील तर फरक पडतो. सप्टेंबरमध्ये आपले साडेसात म्हणजे दुबईत 6, लंडनमध्ये दुपारचे 3, न्यू जर्सीत सकाळचे 10. पुन्हा सकाळी साडेदहाच ठेवली असती तर न्यू जर्सीवाल्यांना रात्री एक वाजता बसावं लागलं असतं.

हाच मजकूर ई-मेलने पाठवा आणि नोटीस बोर्डावरही लावा. ग्रुपवर भाडेकरू असतात, मूळ मालक नसतात, आणि नोटीस मालकालाच मिळायला हवी. ज्येष्ठ सभासदांना एक फोन करा, तेवढं काम समितीत वाटून घेता येतं.

आता तुमच्या बाजूची तयारी. सभा सोसायटीच्याच एका लॅपटॉपवरून चालवत असाल तर दुसऱ्या इमारतीतल्या किंवा मोबाईल डेटावर असलेल्या सभासदाला को-होस्ट करा, म्हणजे तुमची वीज गेली तरी सभा चालू राहील. मोफत खातं वापरत असाल तर 40 मिनिटांची मर्यादा लक्षात घ्या, चार विषयांना ती अपुरी पडेल. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर होत असेल आणि तो अचानक बंद पडला असेल, तर रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये `double_click_to_convert_01.zoom` अशा नावाची फाईल दिसते का बघा. ती डबल क्लिक केली की बहुतेक वेळा व्हिडिओ तयार होतो. पहिल्या तीन विषयांचे ठराव त्यावरून पडताळून घ्या.

इतिवृत्त एकच, दोन भागांत लिहा. पहिल्या भागाच्या शेवटी एवढं पुरे: "सकाळी 11:40 वाजता वीजपुरवठा खंडित झाल्याने सभा बंद पडली, त्यावेळी विषय क्र. 4 वरील मतदान अपूर्ण होते. उर्वरित कामकाजासाठी 21 सप्टेंबर 2025 ही तारीख समितीने सुचवली." दुसऱ्या भागात उपस्थिती नव्याने लिहा आणि तारखेच्या मान्यतेपासून सुरुवात करा.