चौगुन मोठी, मग पाव मोठा का नाही?

प्रश्न: "आम्ही म्हापशाला राहतो. मुलगा पाचवीत आहे, दोन वर्षं तबला शिकतो. हात चांगला आहे, दुगुन-चौगुन नीट वाजवतो. पण १/३ आणि १/४ मध्ये मोठा कोणता विचारलं की दर वेळी १/४ म्हणतो. बेरीज तर विचारूच नका. टाळ्या वाजवून, घरातली भांडी वाजवून अपूर्णांक शिकवतात असं ऐकलंय. घरच्या घरी कसं करायचं? आणि तबला येत असूनही त्याला हे का जमत नाही?"

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. मी सत्तरी तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत बरीच वर्षं गणित शिकवलं. तबला, पेटी किंवा घुमट वाजवणाऱ्या मुलांची ही चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. त्यांचा गोंधळ इतर मुलांपेक्षा थोडा वेगळा असतो. इतर मुलं ४ हा आकडा ३ पेक्षा मोठा म्हणून १/४ मोठा म्हणतात. तुमच्या मुलाकडे त्याशिवाय आणखी एक पुरावा आहे, त्याचे स्वतःचे हात. तिगुनीत एका मात्रेत, म्हणजे तालातल्या एका टाळीच्या वेळेत, तीन बोल येतात, चौगुनीत चार. चौगुन जास्त भरगच्च, जास्त अवघड, तिला शाबासकीही जास्त. म्हणजे चार मोठेच. तो बोल मोजतो आहे. एका बोलाच्या वाट्याला किती वेळ आला, हे त्याने कधी मोजलेलंच नाही.

तबल्यावर ते ऐकूही येत नाही. चाट, म्हणजे तबल्याच्या काठावरचा आघात, वाजली की नाद लगेच विरतो. टाळीचं तर विचारूच नका, ती एका क्षणात संपते. अपूर्णांक मात्र दोन आघातांच्या मधल्या अंतरात असतो. म्हणून नुसत्या टाळ्यांनी अपूर्णांक शिकवायला घेतलं की मूल टाळ्याच मोजतं आणि मूळची चूक आणखी घट्ट होते. टाळीने मात्रा धरायच्या आणि हिस्सा दाखवायचा तो नाद टिकणाऱ्या भांड्याने. स्टीलची वाटी यासाठीच हवी.

जरा जाड काठाची वाटी घ्या. मुठीत धरली तर नाद मरतो. तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरायची आणि लाकडी चमच्याने काठावर हलकेच मारायचं. स्टीलच्या डावाने मारलं तर कान किटतात. हिस्सा संपला की दुसऱ्या हाताची बोटं काठाला लावून नाद बंद करायचा. सगळं शिक्षण या बंद करण्यात आहे. कुठे सुरू करायचं हे मुलाला येतंच, कुठे संपतं ते त्याला हाताने ठरवायला लागलं पाहिजे. वाटीचा नाद तीन सेकंद टिकत नसेल तर झाकणाच्या छोट्या डब्यात मूठभर तांदूळ घालून तो तेवढा वेळ हलवत राहायचं.

आता १/३ आणि १/४. एका मात्रेचे तुकडे करायला लगेच जाऊ नका, तिथे सगळं फार पटापट घडतं. बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, हेच 'एक पूर्ण' धरा. तुमच्या मुलाला एकताल माहीत असेल तर उत्तमच, नसेल तर नुसत्या बारा सारख्या टाळ्या. मोबाइलवरचा मेट्रोनोम मिनिटाला ८० वर ठेवा, म्हणजे आवर्तन नऊ सेकंदांत पुरं होतं. तुम्ही टाळ्यांनी मात्रा मोजा. मुलाच्या हातात एक वाटी, घरातल्या आणखी कुणाच्या हातात दुसरी. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, दोघांनी एकदम मारायचं. मुलाकडे १/४, म्हणजे बारा मात्रांतल्या तीन. तिसरी मात्रा पुरी होऊन चौथी सुरू होताना त्याने वाटी गप्प करायची. दुसऱ्याकडे १/३, म्हणजे चार मात्रा. त्याने पाचवीवर गप्प करायची. मग एकच प्रश्न: आधी गप्प कोण झालं?

इथे बहुतेक मुलं थबकतात. स्वतःची वाटी बंद केल्यावर दुसऱ्याची अजून वाजते आहे हे त्यांना ऐकू येतं. त्या उरलेल्या एका मात्रेवर समजावणं नको, तसंच चार-पाच आवर्तनं होऊ द्या. मग वाट्यांची अदलाबदल करा. नंतर १/२ आणि १/६ घ्या, म्हणजे सहा मात्रा आणि दोन मात्रा. सहा मात्रा म्हणजे साडेचार सेकंद, त्याला तांदळाचा डबाच लागेल. छेद वाढला की भांडं लवकर गप्प होतं, हे मूल आपण होऊन म्हणेपर्यंत थांबा. माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, "बाई, वाटेकरी वाढले म्हणून लवकर संपलं." याहून चांगली व्याख्या मी कधी फळ्यावर लिहिली नाही.

एक चूक हमखास होईल. "अख्खं आवर्तन चार पावांत वाजव" म्हटलं की मूल चार ठोके देईल आणि चौथा ठोका दिल्याबरोबर थांबेल. ठोके चार झाले, पण पाव तीनच झाले. चौथा पाव चौथ्या ठोक्याने सुरू होतो आणि पुढच्या समेवर संपतो. ही चूक ओळखायची सोपी खूण अशी की न थांबता दुसरं आवर्तन लावायचं. मुलाची सम तुमच्या समेच्या आधी आली तर त्याने शेवटचा पाव गिळला. मग त्याला पाचवा ठोका समेवर द्यायला लावा आणि विचारा, हा ठोका कुठल्या पावाचा? तो नव्या आवर्तनाचा पहिला, हे कळलं की मोजपट्टीवर १ पासून मोजायला लागण्याची चूकही सुधारते. दोन्हींचं मूळ एकच आहे.

बेरजेला दादरा घ्या. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग, त्यामुळे अर्धं आधीच दिसतं. आमच्याकडे एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं होतं. अंशात अंश, छेदात छेद. मी खोडलं नाही. दादरा धरला आणि त्याला ताट दिलं, शेजारच्या मुलीला वाटी. अर्धा हिस्सा ताटाचा, म्हणजे पहिल्या तीन मात्रा. ताट गप्प झालं त्याच क्षणी वाटीने सुरू करायचं आणि १/३ वाजवायचं, म्हणजे दोन मात्रा. पाच मात्रा नाद, सहावी मात्रा पूर्ण शांत, मग सम. विचारलं, किती वाजलं? "सहातल्या पाच." किती रिकामं? "एक." मग त्याच्या वहीतल्या २/५ कडे बोट दाखवलं. नुसतं ताटच अर्धं आवर्तन वाजलं होतं आणि २/५ हे तर अर्ध्याहूनही कमी. भर घालून कमी कसं झालं? त्याने ते स्वतः खोडलं.

मग कागदावर सहा चौकोन काढले, तीन रंगवले, पुढचे दोन रंगवले आणि खाली लिहिलं: ३/६ + २/६ = ५/६. समच्छेद करायचा म्हणजे ताट आणि वाटी दोघांनाही पुऱ्या मात्रांत बसतील असं आवर्तन शोधायचं. लसावि हा शब्द मी त्यानंतर उच्चारला. १/२ + १/४ ला आठ मात्रांचा केहरवा चालतो, १/४ + १/३ ला पुन्हा बारा लागतात. मुलालाच ताल निवडू द्या. केहरव्यात १/३ बसवायला गेला की आठ मात्रांचे तीन सारखे वाटे होत नाहीत हे त्याला आपसूक कळेल. अर्धं म्हणजे केहरव्यात चार मात्रा आणि दादऱ्यात तीन, हेही त्याच वेळी कानावर घाला. 'कशाचं अर्धं' हा प्रश्न मुलं विचारतच नाहीत.

लयीबद्दल थोडं. मूल भांड्याकडे वळलं की मात्रा पळायला लागतात. मात्रा धरणाऱ्याने पावलं टाकत मोजलं तर लय टिकते, हात मागेपुढे होतात पण पाय सहसा होत नाहीत. चवथीच्या आरतीची चाल यासाठी वापरू नका. घुमट, शामेळ, झांज यांच्या साथीने ती शेवटाकडे चढतेच, तिची मजाच ती आहे, पण चढत्या लयीत हिस्से सारखे राहत नाहीत. आपल्या गोव्यात तबलावादक खाप्रूमामा पर्वतकरांची आठवण निघाली की हाता-पायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरल्याच्या गोष्टी निघतात, आणि मग पालक मुलाच्या एका हाताला तीन आणि दुसऱ्याला चार लावतात. तसं करू नका. एका माणसाकडे एकच हिस्सा ठेवा. दोन हिस्से एकाच डोक्यात शिरले की मूल ऐकणं सोडून हात सांभाळत बसतं.

हे सगळं बसलं की, साधारण दहा-पंधरा मिनिटांच्या सात-आठ बैठकांनंतर, एका मात्रेत या. लय मिनिटाला ४० वर आणा, मात्रा दीड सेकंदाची होते. तीन भागांसाठी 'तकिट' म्हणा, चार भागांसाठी 'तकधिमि'. 'बटाटा'सारखा शब्द घेऊ नका, त्यातला 'टा' लांबतो आणि तीन भाग सारखे येत नाहीत. लांब-आखूड झालेलं ओळखायला डोळे मिटून ऐका. तीन ठोक्यांतला एखादा लंगडतो आहे असं वाटलं तर भाग समान नाहीत, आणि भाग समान नसतील तर तो १/३ नव्हे.

याची मर्यादाही सांगते. तुलना, सममूल्य अपूर्णांक आणि बेरीज-वजाबाकी यांसाठी हे चांगलं चालतं. अपूर्णांकांच्या भागाकाराला मी वाजवून कधी नीट शिकवू शकले नाही, तिथे कागदाच्या पट्ट्याच बऱ्या. पाच आणि सात हे छेदही त्रास देतात. पाचाला दहा मात्रांचा झपताल घेता येतो, पण त्याचे विभाग दोन-तीन-दोन-तीन असल्यामुळे दोन-दोन मात्रांचे पाच वाटे विभागांना आडवे जातात आणि मूल गोंधळतं. तिथे ठेका न म्हणता नुसत्या दहा टाळ्या बऱ्या.

शेवटी त्याला तबल्यावर बसवा आणि एकाच मात्रेत आधी तिगुन, मग चौगुन वाजवायला सांगा. प्रश्न मात्र बदला. "किती बोल?" असं न विचारता "एका बोलाला किती मात्रा मिळाली?" असं विचारा. तिगुनीत १/३, चौगुनीत १/४, आणि कोणत्या बोलाला घाई जास्त? हे त्याच्या तबल्याच्या सरांनाही सांगून ठेवा, म्हणजे क्लासमध्येही त्याच्या कानावर हाच प्रश्न पडेल.