शिलाई मशीन आणि पंचवीस लाख

"मिस्टर गेले. विम्याचे पंचवीस लाख खात्यात आलेत. मला शेअर-बिअर काही कळत नाही. पैसे बुडू न देता महिन्याला हातात काही येईल का?"

ताई सेहेचाळीस वर्षांच्या, मुलगी बारावीत. पिशवीत एक नवी कोरी पॉलिसी होती. "एकदाच दोन लाख भरा" असं सांगून सही घेतलेली. मी पान उलटलं. दोन लाख दरवर्षी, दहा वर्षं भरायचे होते! कागद हाती येऊन अकरा दिवसच झाले होते. पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, म्हणून त्याच दुपारी अर्ज लिहिला. किरकोळ कपात होऊन पैसे परत आले.

मग वही काढली. घरखर्च सोळा हजार, शिवणकामाचे सहा. म्हणजे दरमहा दहा हजार कमी पडत होते. हा आकडा सापडेपर्यंत मी कुठल्याच योजनेचं नाव घेत नाही.

पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एका नावावर नऊ लाखच ठेवता येतात. ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५० रुपये, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. व्याज तिथेच पडून राहिलं तर त्यावर काही मिळत नाही, म्हणून ते थेट पोस्टाच्या बचत खात्यात वळवलं. उरलेल्या तुटीसाठी दोन बँकांत चार-चार लाखांची मुदत ठेव, व्याज दरमहा. साडेसहा टक्क्यांनी सुमारे ४,३०० रुपये. दोन बँका एवढ्यासाठीच की बँक बुडाली तर ठेव विमा एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच असतो.

दीर गावातल्या पतसंस्थेचे दहा टक्के सुचवत होते. माणूस प्रेमळ, सांगत होता तेही मनापासून. पण पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा लागू नाही. मी ताईंना स्पष्ट नको म्हटलं.

तीन लाख अडीअडचणीला हाताशी ठेवले. उरले पाच लाख. ते राष्ट्रीय बचत पत्रात घातले, ७.७ टक्क्यांनी पाच वर्षांत जवळपास सव्वासात लाख होतील. हे पैसे मध्ये काढायचे नाहीत. महागाई दहा हजारांना दरवर्षी कुरतडत जाणार आणि पाच वर्षांनी पोस्टाचा दर कमीही असेल. तेव्हा उत्पन्न वाढवायला हीच रक्कम उपयोगी पडेल.

शेवटी प्रत्येक खात्यावर मुलीचं नामांकन केलं. मागच्या महिन्यात ताईंनी पासबुक दाखवलं. ५,५५० च्या नोंदीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "क्लासची फी".