लॅबमधली व्हीओटू मॅक्स आणि लॅक्टेट टेस्ट: पैसे कशासाठी मोजावेत

प्रश्न: वय 39, हाफ मॅरेथॉन 2 तास 5 मिनिटं. ग्रुपमधले दोघं लॅबमध्ये जाऊन व्हीओटू मॅक्स आणि लॅक्टेट टेस्ट करून आले. व्हीओटू मॅक्स तर माझं घड्याळही दाखवतं. मग पैसे घालून वेगळं काय कळतं? मी करावी का?

या दोन वेगळ्या टेस्ट आहेत आणि माझ्या मते त्यांची किंमतही वेगळी आहे. व्हीओटू मॅक्सचा आकडा ऐकायला छान वाटतो, पण उद्या सकाळी कसं पळायचं ते तो सांगत नाही. लॅक्टेटचा आलेख ते सांगतो, मात्र टेस्ट नीट झाली असेल तरच. मी दीड वर्षात तीनदा टेस्ट केली. त्यातली पहिली पूर्ण वाया गेली, आणि सगळ्यात जास्त शिकले तीही तिच्यातूनच.

व्हीओटू मॅक्स म्हणजे जीव तोडून पळताना तुमचं शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं ते. तोंडावर मास्क लावतात, ट्रेडमिलचा वेग किंवा चढ वाढवत नेतात आणि साधारण 8 ते 12 मिनिटांत तुम्हाला थांबावंच लागतं. मशीन तुमच्या श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजतं. घड्याळ यातलं काहीच मोजत नाही. वेग आणि हार्ट रेट यांच्यावरून ते फक्त अंदाज बांधतं, म्हणून उकाड्यात हार्ट रेट चढला की घड्याळातला आकडा विनाकारण उतरतो. हृदयाच्या तपासणीसाठी करतात ती टीएमटीही वेगळीच, तिच्यात ईसीजी बघतात, ऑक्सिजन मोजत नाहीत.

तरीही हा अचूक आकडा फारसा उपयोगी का नाही? ब्रिटनची मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफ हिचं उदाहरण घ्या. 1992 पासून तिच्या वर्षानुवर्षं टेस्ट होत होत्या. तिचा व्हीओटू मॅक्स 70 च्या आसपासच राहिला. तरी 2003 मध्ये तिने लंडनला 2:15:25 चा जागतिक विक्रम केला. सुधारलं ते दुसरंच काही. एक किलोमीटर पळायला तिला आधी दर किलो वजनामागे साधारण 205 मिलिलिटर ऑक्सिजन लागायचा, तो 175 वर आला. शिवाय लॅक्टेट वाढायला लागण्याचा वेगही पुढे सरकला. इंजिन तेवढंच राहिलं, गाडीचं ॲव्हरेज सुधारलं.

आता लॅक्टेट. ट्रेडमिलला 1 टक्का चढ देतात, कारण आत समोरून वारा नसतो. एका वेगाने 4 मिनिटं पळायचं, मग अर्धा मिनिट थांबायचं, तेवढ्यात कानाच्या पाळीतून किंवा बोटातून रक्ताचा थेंब घेतात, आणि पुढच्या टप्प्याला वेग ताशी 1 किलोमीटरने वाढतो. लॅक्टेट म्हणजे स्नायूंत साठणारा कचरा नव्हे. ते सतत तयार होतं आणि हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतातही. बघायचं ते एवढंच की कोणत्या वेगाला ते मूळ पातळीवरून वर यायला लागतं, तो खालचा थ्रेशोल्ड, आणि कोणत्या वेगानंतर आवरेनासं होतं, तो वरचा.

पहिल्या टेस्टच्या आदल्या दिवशी मी 26 किलोमीटर पळाले होते आणि सकाळी नुसता चहा घेऊन गेले. लॅबमध्ये कोणी काही विचारलं नाही. आलेख फार सुंदर आला: ताशी 12 च्या वेगालाही लॅक्टेट लिटरमागे फक्त 3.6 मिलिमोल. नेहमीची 4 मिलिमोलची रेघ लावून त्यांनी माझा वरचा थ्रेशोल्ड काढला, किलोमीटरला 4 मिनिटं 55 सेकंद. मी खूश. त्या आठवड्यात 5:00 ने टेम्पो रन धरला आणि बाराव्या मिनिटाला थांबले. थ्रेशोल्डच्या आसपासचा वेग अर्धा तास तरी टिकायला हवा.

झालं असं की स्नायूंतला कर्बोदकांचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, आदल्या दिवशीच संपत आला होता. कर्बोदकं कमी असली की त्याच वेगाला लॅक्टेट कमी तयार होतं, आणि आलेख खोटाच उजवीकडे सरकतो. रिपोर्टमध्ये ते दिसतही होतं, मलाच वाचता येत नव्हतं. शेवटच्या टप्प्यानंतरही लॅक्टेट जेमतेम 5 होतं, आणि बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन हे गुणोत्तर 1.01 वर थांबलं होतं. पूर्ण जोर लागला असेल तर ते 1.10 च्या वर जातं. चूक उलट्या दिशेनेही होते: थेंबात घाम मिसळला तर आकडा फुगतो, कारण घामातही लॅक्टेट असतं. एखाद्या टप्प्याला आकडा एकदम उडी मारून पुढच्या टप्प्याला खाली आला, तर घामाची शंका घ्यावी. म्हणून जागा पुसून, पहिला थेंब टाकून दुसरा घेतात.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी गेले, यावेळी दोन दिवस हलकं पळून आणि नीट जेवून. ताशी 8 ला 1.2, 9 ला 1.4, 10 ला 2.1, 11 ला 3.3, 12 ला 6.1. वरचा थ्रेशोल्ड 5:20 च्या आसपास निघाला. पण खरी गोष्ट खाली होती. लॅक्टेट 9 नंतरच वर यायला लागलं होतं, आणि मी माझे सगळे ‘सोपे’ रन 6:00 ने, म्हणजे ताशी 10 ने काढत होते. आठवड्यातले चार दिवस मी ना धड सोपं पळत होते, ना धड कठीण. व्हीओटू मॅक्स आला 44.

मग सोपे रन 6:45 ला आणले, हार्ट रेट 145 च्या खाली. आठवड्यातून एकदाच 5:20 ने 8-8 मिनिटांचे तीन तुकडे. पाच महिन्यांनी ताशी 11 ला लॅक्टेट 3.3 वरून 2.2 वर आलं. व्हीओटू मॅक्स 45, आणि एवढा फरक तर दोन वेगळ्या दिवशीही पडतो. हाफ मात्र 1:58 वरून 1:51 झाली.

एक मर्यादा लक्षात ठेवा. लॅबमध्ये एसी असतो. तिथला वेग दमट मुंबईत तसाच्या तसा धरू नका. तिथे हार्ट रेट आणि दम बघून वेग उतरवावा लागतो.

तुमच्यासाठी सांगायचं तर आधी फुकटातली टेस्ट करा. ताजेतवाने असताना, सपाट रस्त्यावर, एकट्याने 30 मिनिटं जितकं जोरात टिकेल तितकं पळा. शेवटच्या 20 मिनिटांचा सरासरी हार्ट रेट म्हणजे साधारण तुमचा वरचा थ्रेशोल्ड. खालच्यासाठी, पूर्ण वाक्यं न अडखळता बोलता येतील एवढाच वेग ठेवा. तीन-चार महिने असं पळूनही वेळ हलली नाही, तर फक्त लॅक्टेट टेस्टचे पैसे द्या. तेही आधी फोन करून विचारा: टप्पे किमान 3-4 मिनिटांचे आहेत का, आणि प्रत्येक टप्प्याचा आकडा हातात देणार का? नुसता थ्रेशोल्डचा एक आकडा देत असतील तर जाऊ नका. पहिल्या रिपोर्टमध्ये टप्प्यांचे आकडे होते, म्हणूनच माझी चूक नंतर तरी सापडली. आणि पळताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर यातलं काहीच करण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा.