तीन की पाच? आणि तुमचे पंधरा कुठे जातात?

पत्र: मी ४१, मिसेस ३८, मुलं ११ आणि ७ वर्षांची. पगार हातात १ लाख १० हजार. मिसेसनी नऊ वर्षांपूर्वी मुलांसाठी नोकरी सोडली. घरखर्चाला मी तिला दर महिन्याला ३८ हजार देतो आणि महिनाअखेरीला हिशेब बघतो. कर्जाचा हप्ता २७ (अजून २४ लाख बाकी), मुलांच्या फिया ८, फंडात १०, दोन पॉलिसींचा हप्ता १२, बाकी इतर. आता ती म्हणते मला स्वतःचे वेगळे ५ हजार हवेत आणि त्याचा हिशेब मागायचा नाही. मला ३ हजार ठीक वाटतात. उरले तर पुढच्या महिन्यात वळते करावेत का? पॉलिसी तिच्या आणि मुलीच्या नावावर आहेत, चार वर्षं झाली, एजंट म्हणाला वीस वर्षांनी मिळून ५० लाख मिळतील. माझा विमा ऑफिसकडून आहे, ४० लाखांचा. मोठे निर्णय मीच घेतो कारण तिला फायनान्समध्ये इंटरेस्ट नाही. पॉलिसी घेताना ती म्हणाली होती की विमा तुमचा नको का, पण तिला यातलं फारसं कळत नाही.

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि शेवटच्या वाक्यापाशी दोन्ही वेळा थांबलो. त्या खोलीत तीन माणसं होती, एजंट, तुम्ही आणि मिसेस, आणि बरोबर प्रश्न एकीनंच विचारला. त्याच्यावर येतोच, आधी तुमचा प्रश्न उरकू, तो लहान आहे.

बेरीज करा. ३८ आणि २७ आणि ८ आणि १० आणि १२, झाले ९५. हातात येतात ११०. म्हणजे तुमचं ते "बाकी इतर" महिन्याला १५ हजार आहे आणि पूर्ण पत्रात त्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. बाहेरचा चहा, पेट्रोल, मित्रांबरोबर जेवण, नवा हेडफोन, जे काही असेल ते असो, मला त्यात काही चूक दिसत नाही, पण त्याचा हिशेब महिनाअखेरीला कोण बघतं? कोणीच नाही ना. म्हणजे या घरात बिनहिशेबी पैसे आधीपासून आहेत, फक्त ते एकाच माणसाकडे आहेत आणि त्यांना कोणी अलाउन्स म्हणत नाही, एवढंच.

म्हणून तीन की पाच हा प्रश्नच मी बाजूला ठेवतो. पंधरातले ६ तुमचे, ६ तिचे, आणि ३ घरात राहू देत कारण दर महिन्याला काहीतरी निघतंच. तुमचा ऑफिसला जायचा प्रवास त्या ६ मधून काढू नका, तो घराचा खर्च आहे, त्यासाठीच ते ३ आधी वापरा. दोघांचा आकडा सारखा हवा आणि महिना टाइट असेल तर दोघांचाही सारखाच कमी व्हायला हवा. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी आपोआप ट्रान्सफर, तिच्या एकटीच्या नावाच्या खात्यात, तुमच्या खात्याचं अॅड-ऑन कार्ड नको कारण प्रत्येक खरेदीचा मेसेज तुमच्या फोनवर येणार आणि मग तुम्ही न विचारताही हिशेब झालाच.

उरलेले वळते अजिबात करायचे नाहीत. तिनं वर्षभर साठवून ७० हजारांचा कोर्स केला किंवा आईला काही घेऊन दिलं किंवा नुसते ठेवले, तिची मर्जी. एक गोष्ट मात्र आधी दोघांनी बसून लिहून काढा, यातून काय घ्यायचं आणि काय नाही. मुलांचे कपडे, औषधं, लग्नाकार्यातले आहेर, हे घरखर्चात. तिचे कपडे, तिचा फोन रिचार्ज, मैत्रिणींबरोबरचं फिरणं यातून, आणि तुमच्या बाबतीतही हीच रेघ. हे लिहिलं नाही तर दोन महिन्यांत "तुझ्याकडे आहेत ना ते सहा हजार, त्यातून भर" सुरू होतं आणि तो अलाउन्स राहत नाही, घरखर्चातलीच वाढीव जबाबदारी होते.

वेगळे पैसे का हवेत याचं अजून एक कारण आहे, ते भावनिक नाही, हिशेबाचं आहे. ज्या बाईला स्वतःचे पैसे नसतात ती ते घरखर्चातून काढते, थोडे थोडे, आणि महिनाअखेरीच्या वहीत कुठलातरी आकडा फुगवून लिहिते. मी याला चोरी म्हणत नाही, दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो. पण मग तुमचा ३८ चा आकडा खरा आहे की ३४ चा ते तुम्हालाच माहीत नसतं आणि त्याच आकड्यावर मी पुढे तुमचा विमा काढणार आहे.

आता पॉलिसी. उद्या तुम्ही नसलात तर या दोन पॉलिसी घराला किती देतील? शून्य. विमा मिसेसच्या आणि मुलीच्या जिवावर आहे, तुमच्या नाही. तुम्ही गेल्यावर त्या काही देणार नाहीत, उलट महिन्याला १२ हजार मागत राहतील. मुलीच्या पॉलिसीत हप्तामाफीचा रायडर घेतला असेल तर तेवढा हप्ता थांबेल, बाँड काढून बघा. घरात कमावणारा एकच माणूस आणि विमा बाकीच्या दोघींचा, हे विकणाऱ्याला कमिशन मिळालं यापलीकडे मला याचं कारण सापडत नाही.

ऑफिसचे ४० लाख धरू. २४ कर्जात गेले, उरले १६. तुमचा स्वतःचा खर्च वजा केला तरी घर आणि फिया मिळून वर्षाला ५ लाख लागणार. म्हणजे तीन वर्षं. तेव्हा मोठं मूल चौदाचं आणि धाकटं दहाचं असेल आणि मिसेसच्या रेझ्युमेमध्ये बारा वर्षांची गॅप. आणि हे सुद्धा नोकरीत असताना गेलात तर. नोकरी बदलताना मधले दोन महिने, किंवा कंपनीनं काढलं तर, तेव्हा ते ४० पण नाहीत.

लागतात किती ते ढोबळ सांगतो. गुंतवलेला पैसा महागाईइतकाच वाढला असं कंजूषपणे धरा, मग वर्षाचा खर्च गुणिले वर्षं एवढंच करायचं. ५ लाख गुणिले २५ म्हणजे सव्वा कोटी, वर कर्जाचे २४, म्हणजे साधारण दीड कोटी. प्युअर टर्म घ्या, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारी पॉलिसी, पैसे परत मिळणारी नको, एजंट तीच आधी दाखवेल कारण तिचा हप्ता मोठा असतो. तब्येत बरी असेल तर साध्या टर्मचा हप्ता त्या १२ हजारांचा लहानसा तुकडा असेल. फॉर्ममध्ये सिगारेट, शुगर, जुनं ऑपरेशन सगळं खरं लिहा, हप्ता वाढला तर वाढू दे, क्लेमच्या वेळी मिसेसला ते भांडण नको. मिसेसच्या जिवावरही थोडा टर्म विमा असावा, ती नसली तर मुलांना सांभाळायला पैसे मोजावे लागतील ना, पण कंपन्या घरी असलेल्या बाईचं कव्हर बहुतेक वेळा नवऱ्याच्या कव्हरला बांधतात, म्हणून आधी तुमचं.

आणि ते ५० लाख. महिन्याला १२, वीस वर्षं, म्हणजे तुम्ही भरणार जवळपास २९ लाख. त्याचे ५० झाले तर परतावा पडतो पाच टक्क्यांच्या आसपास. सहा टक्के महागाई धरली तर वीस वर्षांनंतरच्या ५० लाखांची आजची किंमत सोळा लाखांच्या आत. तेही ५० पूर्ण आले तर! कागद काढा आणि त्यात "हमी" या शब्दाखाली कुठला आकडा आहे ते बघा, बोनसचा रकाना वेगळा असतो आणि एजंटचं बोट नेहमी त्या दुसऱ्या रकान्यावर असतं.

पण म्हणून उद्याच जाऊन बंद करा असं मी म्हणणार नाही. चार वर्षांत भरलेले पावणेसहा लाख गेले ते गेले, आता हिशेब आजपासूनचाच करायचा. कंपनीकडून लेखी दोन आकडे मागवा, आज सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे घेतले, तर किती आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर शेवटी किती. समजा सरेंडरला भरल्याच्या निम्मे मिळतात. मग ते निम्मे आणि पुढचे हप्ते दुसरीकडे लावून ५० गाठायला साडेसहा-सात टक्के लागतात, म्हणजे पुढचा रस्ता मागच्यापेक्षा थोडा बरा दिसतो. फक्त बोनस काढून हमीचा आकडा घातला की हे साडेसहा झपकन खाली येतात. पेड-अप हा मधला मार्गही आहे. आकडे आल्यावर ठरवा.

"ठरवा" म्हणजे दोघांनी. समान हक्क वगैरे शब्द मला इथे वापरायचे नाहीत, नियम सांगतो. घराचा पगार दोघांपैकी कोणीही चालवू शकेल अशा जॉइंट खात्यात, आणि तिचं लॉगिन तिचं, तुमचा पासवर्ड तिला सांगणं नव्हे. दहा हजारांवरचा खर्च, किंवा एक वर्षापेक्षा जास्त बांधून ठेवणारी कुठलीही सही, दोघांचं हो असल्याशिवाय नाही. एकाचं नाही असेल तर तीस दिवस थांबायचं आणि परत बोलायचं. हा नियम चार वर्षांपूर्वी असता तर एजंट त्या दिवशी सही न घेता परत गेला असता आणि तुमच्या मिसेसच्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याला तीस दिवसांत परत यावं लागलं असतं, बहुधा तो आलाच नसता. जॉइंट खात्यात धोकाही आहे, कोणीही एक जण ते रिकामं करू शकतो, म्हणून तिथे दोन-तीन महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त साठू देऊ नका.

आणि तो इंटरेस्ट नसण्याचा मुद्दा. ३८ हजारांत चार माणसांचं घर चालवून वर हिशेब देणारीला फायनान्समध्ये इंटरेस्ट नाही असं तुम्ही म्हणता. तिला कंटाळा येतो तो तुम्ही आधीच ठरवलेलं तिला समजावून सांगता तेव्हा. पुढचे दोन महिने हप्ता, फिया, वीजबिल, फंड सगळं तिला तिच्या लॉगिननं भरू दे, तुम्ही फक्त शेजारी बसा. जिथे ती अडेल ते लिहून ठेवा, तीच यादी उद्या तुम्ही नसताना तिला लागणार आहे.

क्रम एवढा पाळा. आधी टर्मचा फॉर्म, मेडिकल, पॉलिसी हातात. ती आल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. मग कंपनीला आकड्यांचं पत्र, त्यावर पॉलिसीधारक म्हणून ज्याचं नाव असेल त्याची सही लागेल, आणि या वेळी सही व्हायच्या आधी मिसेसना वाचू द्या. तिचे सहा हजार मात्र याच महिन्यापासून सुरू करा, ते विम्याच्या कामावर अडवू नका, ते तुमच्या "इतर"मधून निघतायत, पॉलिसीतून नाही.